फोटोत माणूस नीट कापून बसवला, रंग आणि उजेड पण जुळवला, तरी चिकटवल्यासारखाच दिसतो. नॉइज, म्हणजे ते बारीक दाणे, किती टाकायचा?

मोजून टाकायचा. डोळ्याला बरं वाटेपर्यंत स्लायडर सरकवत बसायचं नाही. एवढं ठामपणे सांगतोय कारण यावरूनच माझं एका सिनियरशी चांगलंच वाजलं होतं.

एका आजींचा जुना ब्लॅक अँड व्हाइट ग्रुप फोटो होता, फिल्मवर काढलेला, प्रिंटवरून स्कॅन केलेला. त्यात त्यांचा थोरला भाऊ नव्हता, त्याला मागच्या रांगेत उभं करायचं होतं, आणि त्याचा फोटो मिळाला तो बऱ्याच वर्षांनंतरचा, मोबाइलवरचा. कापणं, रंग काढणं, उजेड, सगळं मन लावून केलं. ते सिनियर सर म्हणाले, आता सगळ्यात वर ग्रेनचा, म्हणजे फिल्मवरच्या नॉइजचा, एक लेयर टाक, अख्ख्या फोटोवर, म्हणजे सगळं एकजीव होतं. टाकला. स्क्रीनवर छान दिसलं. मग मोठा प्रिंट निघाला, आजींनी तो अगदी नाकाशी धरून पाहिला आणि म्हणाल्या, "दादा एकटाच धुऊन काढल्यासारखा दिसतोय रे." मला फार लागलं ते, कारण त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं.

त्या रात्री तो वरचा लेयर बंद केला आणि मोजलं. फोटोशॉपमध्ये Histogram पॅनल Expanded View मध्ये उघडलं, मागच्या भिंतीचा सपाट, एकसारख्या उजेडाचा तुकडा सिलेक्ट केला, Std Dev, म्हणजे छटा किती वरखाली होतात तो आकडा, आला 5. मग दादाच्या गालाचा साधारण तेवढ्याच करड्या छटेचा तुकडा घेतला, तिथे 3. आता कुणालाही वाटेल की 2 टाकला की झालं. तसं नाही. नॉइजची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची होते. 25 मधून 9 गेले, राहिले 16, त्याचं वर्गमूळ 4. म्हणजे फक्त दादावर 4 टाकायचा. आणि सरांच्या पद्धतीने तोच 4 सगळ्यावर टाकला तर दादा 5 वर येतो पण भिंत 6.4 वर जाते, म्हणजे दादा मागेच राहिला की.

पण नुसता आकडा जुळून भागत नाही, दाण्याचा आकारही जुळायला लागतो. 300 टक्के झूम केलं तर स्कॅनमधला ग्रेन दोन-तीन पिक्सेलच्या पुंजक्यांचा होता, आणि Add Noise टाकतं ती एकेका पिक्सेलची वाळू. म्हणून 50 टक्के ग्रे भरलेला लेयर Overlay मोडमध्ये फक्त दादावर क्लिप केला, त्यावर Add Noise, Gaussian आणि Monochromatic, आणि मग त्याच लेयरला 0.7 च्या आसपास Gaussian Blur. ब्लर दिला की नॉइज दणकन खाली येतो, त्यामुळे सुरुवातीला भरपूर टाकायचा, ब्लर करायचा, आणि गालावर पुन्हा मोजून 5 येईपर्यंत कमीजास्त करायचं.

हे सगळं शेवटी. आधी माणूस हव्या त्या साइजचा करायचा, कारण निम्मा लहान केला की चार पिक्सेलचा एक होतो आणि नॉइजही साधारण निम्मा होतो, वर कडा आणखी धारदार दिसतात. मग शार्पनेस, मग ग्रेन. ग्रेन टाकून झाल्यावर माणसाला ब्लर दिलात तर ग्रेन गेलाच.

शार्पनेस जुळवताना लोक मागच्या भिंतीकडे बघतात, ते चूक आहे. शेजारी त्याच रांगेत उभ्या असलेल्याचा कान बघा. आमच्याकडे शेजाऱ्याच्या कानाची कड गडद ते उजळ व्हायला चार पिक्सेल घेत होती, दादाची दीडमध्येच, म्हणून दादाला थोडा ब्लर लागला. शार्पनेस अंतरावर ठरतो, ग्रेन मात्र फिल्मचा असतो, तो जवळच्या-लांबच्या, फोकसमधल्या-बाहेरच्या सगळ्यांवर सारखाच पडतो. मोबाइलच्या फोटोत कडेला पांढरी रेघ असते ती ब्लरने जात नाही, फक्त रुंद होते. बाहेरची रेघ मास्क एक-दोन पिक्सेल आत घेऊन कापा, कॉलरसारख्या आतल्या रेघा Darken मोडमध्ये क्लोन करून बुजवा.

एक राहिलं. Overlay अगदी काळ्या भागात जवळजवळ काहीच करत नाही. फिल्मच्या प्रिंटला ते चालतं, कारण तिथे ग्रेन मधल्या छटांतच जास्त दिसतो. पण बॅकग्राउंड जास्त आयएसओचा डिजिटल फोटो असेल तर नॉइज सावल्यांमध्येच जास्त दिसतो, तेव्हा Linear Light घ्या, नाहीतर काळे केस कोरे राहतील. तिथे रंगीत नॉइजही असतो, निळं चॅनल वेगळं उघडून बघा.

आणि सरांची पद्धत कधीच चालत नाही असं नाही. फोटो फक्त मोबाइलवर लहान बघायचा असेल तर कुणाला काही कळणार नाही. किंवा वरून 15 चा जाड ग्रेन टाकलात तर भिंत 15.8, माणूस 15.3, फरक मिटला. पण मग मुळात 5 ग्रेनच्या फोटोचा तिप्पट खरबरीत फोटो होतो. एक माणूस बसवायला त्या ग्रुपमधल्या बाकी सगळ्यांच्या चेहऱ्यांवर वाळू ओतायची, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.