दिसतं ते एका रकान्यात, वाटतं ते दुसऱ्यात

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र, वहीच्या पाच पानांचे फोटो आणि तू संगणकावर उतरवलेला मजकूर, सगळं मिळालं. वडिलांच्या दवाखान्यातल्या वह्या रोगवार लावू की तारीखवार, आणि त्यांच्या हातून झालेल्या चुका दुरुस्त करू की नको, असं तू विचारलं आहेस. पहिल्याचं उत्तर छोटं आहे. कपाटात ज्या क्रमाने वह्या होत्या त्याच क्रमाने त्यांना आकडे घाल आणि तो क्रम मोडू नकोस. रोगवार, गाववार याद्या नंतर हव्या तितक्या करता येतील. मधे खोचलेली चिठ्ठी कुठल्या दोन पानांमध्ये होती तेही टिपून ठेव, कारण ती एकदा बाहेर काढलीस की पुन्हा कुणाला सांगता येणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र मी अस्वस्थ झालो. तू दुरुस्ती आधीच केली आहेस, आणि ती करून मग विचारते आहेस.

खोकल्याच्या त्या बाईचं पान घे. तुझ्या मजकुरात स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन '०.९ ग्रॅम' आहे. फोटोत तसं नाही. तिथे एकच आकडा आहे, वर गाठ आणि खाली शेपूट. तो तुला इंग्रजी नऊ वाटला, नऊ ग्रॅम म्हणजे भयंकर झालं, म्हणून वडिलांची लाज राखायला तू पुढे शून्य आणि टिंब घातलंस. अगं, त्याच पानावर वरच्या ओळीत ताप बघ. 'ताप १०१'. त्या १०१ मधला एक आणि औषधापुढचा आकडा शेजारी ठेवून बघ. तीच गाठ, तेच शेपूट. डॉक्टरांनी मराठी एक काढला आहे. रोज एक ग्रॅम हा त्या काळी क्षयाला दिला जाणारा नेहमीचा डोस होता. त्यांनी चूक केलीच नव्हती. तुझ्या दुरुस्तीमुळे ती त्यांच्या नावावर चढली असती.

म्हणून सांगतो, दिसतं ते एका रकान्यात लिही, वाटतं ते वेगळ्या रकान्यात. पहिल्या रकान्यात वही आणि पान, दुसऱ्यात अक्षर जसं आहे तसं, तिसऱ्यात तुझं वाचन, चौथ्यात खात्री आहे की शंका. वाचता आलं नाही तर दुसऱ्या रकान्यात चौकटी कंस घालून 'अवाच्य' लिही. अंदाज कितीही पक्का वाटला तरी त्याची जागा तिसऱ्या रकान्यात.

आता त्याच पानाची पुढची नोंद. तू '०११' असं लिहिलं आहेस आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं आहेस. प्रश्नचिन्ह ठेवलंस याचा मला फार आनंद झाला. फोटो मोठा करून बघ, शून्यापुढे दोन नाहीत, तीन उभ्या रेघा आहेत, तिसरी किंचित सुटी: ०॥।. तुझ्या आजोबांच्या पिढीचा हिशेब असा असायचा. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन पाऊण. म्हणजे इंजेक्शन एक ग्रॅमवरून पाऊण ग्रॅमवर आणलं. का आणलं, ते समासात आहे, आणि तू ते उतरवलंच नाहीस, 'किरकोळ' वाटलं म्हणून: 'चक्कर, कानात आवाज.' स्ट्रेप्टोमायसिन कानाच्या आतल्या भागाला इजा करतं, तोल जातो, कान वाजतात, पुढे बहिरेपण येऊ शकतं. त्यानंतरच्या नोंदीत इंजेक्शनवर काट आहे आणि आय.एन.एच. व थायासेटाझोन या क्षयाच्या औषधांची एकत्र गोळी रोज एक, तेवढीच चालू आहे. एक ग्रॅम, मग पाऊण, मग बंद. एका डॉक्टरने रुग्णाचं ऐकून औषध कसं बदललं, हे त्या पानात आहे. तुझ्या स्वच्छ मजकुरात त्यातलं काहीच उरलं नव्हतं.

पानाच्या शेवटी 'आली नाही' एवढंच आहे. तू तिसऱ्या रकान्यातसुद्धा 'बरी झाली असावी' लिहू नकोस. वेळेआधी औषध सोडलं असेल, माहेरी गेली असेल, बेळगावला मोठ्या दवाखान्यात गेली असेल. 'आली नाही' म्हणजे आली नाही.

वर्षाचं कोडं तू घातलं आहेस, कारण त्या वहीत नुसते दिवस आणि महिने आहेत. मुखपृष्ठाच्या आत दवाखान्याचा शिक्का आहे, 'खानापूर, म्हैसूर राज्य'. राज्याचं नाव १ नोव्हेंबर १९७३ ला कर्नाटक झालं, म्हणून वही त्याआधीची, असं तू धरलंस. इथे सावध हो. 'कर्नाटक राज्य' लिहिलेला शिक्का त्या तारखेआधीचा असू शकत नाही, हे पक्कं. पण म्हैसूरचा शिक्का नंतरही वापरात राहू शकतो, चांगला रबरी शिक्का कोण टाकून देतं? पिनकोडचंही तसंच. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणून ज्या शिक्क्यात पिन आहे तो त्यानंतरचा. ज्यात नाही त्याबद्दल काहीच ठरत नाही. दुसऱ्या रकान्यात 'वर्ष नाही' लिही. तिसऱ्यात 'बहुधा १९७३ पूर्वीची किंवा त्यानंतर लगेचची, शिक्क्यावरून'. नंतर एखाद्या पानात वार आणि तारीख एकत्र सापडली, तर पंचांगावरून वर्षांचे पर्याय कमी करता येतील.

मी इतका हट्ट का धरतो ते सांगतो. मी ज्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात नोकरी केली, तिथे एकदा जुने केसपेपर सुवाच्य रजिस्टरात उतरवून मूळ कागद रद्दीत घालायचं ठरलं. मी विरोध केला, लेखी केला. मला अडेलतट्टू म्हणाले. पुढे माणसं जुन्या ऑपरेशनचा कागद मागायला आली, तेव्हा रजिस्टरात सुरेख अक्षरात चुकीचा अवयव, चुकीची बाजू निघायची आणि पडताळायला मूळ काही नव्हतं. ते कागद गेले याची हळहळ आजही आहे. त्यावेळी मी बरोबर होतो आणि आजही बरोबर आहे. म्हणून तुझ्या घरातलं कुणी 'टाइप झालं ना, आता वह्या कशाला' म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस.

एकाच बाईला कधी 'अमक्याची आई', कधी सासरच्या आडनावाने, कधी कन्नड वळणाच्या नावाने लिहिलेलं सापडेल. तिघी एकच वाटल्या तरी एकत्र करू नकोस. तिसऱ्या रकान्यात एकमेकींचे पान क्रमांक दे, बस्स. आणि इतरांना वाचायला द्यायच्या प्रतीत नाव, गाव घालू नकोस, आकडा घाल. नाव-आकड्याची यादी वेगळ्या वहीत, कुलपात. 'अमक्याच्या आजीला क्षय होता' एवढ्यावर आजही आपल्याकडे सोयरीक मोडते, आणि डॉक्टरांनी हे सगळं विश्वासाने ऐकलं होतं.

खानापूरचा पाऊस मला माहीत आहे. ओलसर पानं उन्हात टाकू नकोस, पंख्याखाली उघडी ठेव. फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नकोस, डिंक पिवळा पडून शाई खातो. फोटो काढताना पानाच्या चारही कडा येऊ देत, समास कापला गेला की 'चक्कर, कानात आवाज' गेलंच.

ती पाच पानं चार रकान्यांत पुन्हा उतरव आणि मला पाठव. पुढची पानं त्यानंतर. घाई करू नकोस. खोकल्याच्या बाईच्या पानावर खाली डावीकडे पेन्सिलीने काहीतरी पुसट आहे, ते मला फोटोत लागत नाही. उजेड बाजूने तिरका धरून त्याचा वेगळा फोटो काढ. वाचायचा प्रयत्न तू आधी कर, आणि काय दिसतं तेवढंच कळव.

तुझा,
काका