'कर्तन प्रवाह' : गाटरात वाहतं ते काय?

प्रश्न : गाटर काही वाहत नाही, मग त्यात कर्तन 'प्रवाह' कसा? अन् वर-खालची आडवी फ्लँज आणि मधली उभी वेब यांच्या जोडापाशी कर्तन ताण एकदम उडी मारते, प्रवाह मात्र मारत नाही म्हणतात, ते काय? (दारव्हा तालुका, यवतमाळ)

उत्तर : आधी 'ताण'. मराठीत ताण म्हणजे ओढ; दोरीला ताण बसतो. इथे ओढ नाही, सरकवण आहे, म्हणून 'कर्तन प्रतिबल' बरं. कर्तन हे कात्रीच्या घरातलंच. कात्रीची पाती एकमेकांना घासून उलट दिशेने जातात, तसे गाटराचे थर एकमेकांवरून सरकू पाहतात.

प्रवाह हा शब्द मात्र फार नेमका आहे, आणि तो वावरातल्या पाटावरून लगेच कळतो. रुंद पाटातलं पाणी अरुंद दांडात शिरलं की वेग वाढतो, पण सेकंदाला जाणारं पाणी तेवढंच राहतं. गाटरात पाण्याच्या जागी आहे q = VQ/I, म्हणजे लांबीच्या दर मिलिमीटरला सरकवणारं बल. V हे त्या छेदावरचं कर्तन बल, I हा पूर्ण छेदाचा जडत्व आघूर्ण आणि Q हा जोडापलीकडच्या भागाचा, मधल्या अक्षाभोवतीचा क्षेत्र-आघूर्ण. वेगाच्या जागी आहे प्रतिबल, τ = q/t. जाडी t बदलली की τ उडी मारतं; q ला उडी मारायला कारणच नाही.

प्लेटा जोडून केलेलं एक गाटर घेऊ. फ्लँज 150 × 10 मिमी, वेब 300 × 8 मिमी, टोकाशी V = 90 किलोन्यूटन (सुरक्षा गुणकासह). I येतो सुमारे 9.01 कोटी मिमी⁴. एका फ्लँजचा Q = 150 × 10 × 155 = 2,32,500 मिमी³, म्हणून जोडापाशी q = 232 न्यूटन दर मिमी. आता भागा: 150 मिमी रुंदीने भागलं तर 1.55, वेबच्या 8 मिमीने भागलं तर 29 न्यूटन दर चौरस मिमी. हीच ती उडी. मधल्या अक्षापाशी q 322 होतो आणि τ जेमतेम 40. म्हणजे वेबमध्ये वरपासून खालपर्यंत फार फरक नाही; 90 पैकी जवळजवळ 88 किलोन्यूटन एकटी वेबच उचलते. म्हणून तर V भागिले वेबचं क्षेत्रफळ, म्हणजे 37.5, हा झटपट हिशेब चालून जातो.

पण ते 1.55 खरं नाही. पुस्तकातल्या आकृतीत फ्लँजवर काढलेली ती चिंचोळी पट्टी नुसतं सूत्र लावल्याने येते. वेबपासून दूर फ्लँजची खालची बाजू मोकळी आहे, तिथे उभं कर्तन शून्यच असायला हवं. फ्लँजमधलं खरं कर्तन आडवं असतं. टोकाला शून्य, वेबकडे येताना सरळ रेषेत वाढत, डाव्या अर्ध्यातून 116 आणि उजव्या अर्ध्यातून 116. दोन्ही दांड वेबमध्ये मिळतात: 116 + 116 = 232. आडवं प्रतिबल म्हणाल तर 116 भागिले 10, म्हणजे 11.6. खालच्या फ्लँजमध्ये हाच प्रवाह दोन बाजूंना फुटून टोकाशी पुन्हा शून्य होतो. शब्द ठेवणाऱ्याने हे पाहूनच ठेवला असावा.

एका ठिकाणी उपमा लंगडी पडते. पाटात वाटेत पाणी कोणी घालत नाही, इथे मात्र प्रवाह वाटभर वाढतो. कारण शेजारच्या दोन छेदांवर वाकण्याची प्रतिबलं सारखी नसतात. त्यांचा फरक कण-कण q मध्ये भरत जातो. कारखान्यातून लाटून आलेल्या गाटराला जोडापाशी गोलाई असते, तिथे उडीही अशी धारदार नसते.

जोडाच्या वेल्डिंगला लागतो तो q च, τ नाही. वेबच्या दोन्ही बाजूंना वेल्ड असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला 116 न्यूटन दर मिमी. 5 मिमीच्या वेल्डचा गळा 3.5 मिमी; सलग मारला तर 33 न्यूटन दर चौरस मिमी, निवांत. साइटवर मारलेल्या वेल्डची मर्यादा साधारण 158 धरतात. आता वेल्डरने रॉड वाचवायला फुटाफुटावर 40 मिमीचे टाके मारले, तर प्रत्येक टाक्यावर 300 मिमीचा प्रवाह येतो: 116 × 300 = 34,800 न्यूटन. 40 × 3.5 ने भागा, 249. टाका टिकत नाही. आधी आधाराजवळचेच टाके फाटतात, कारण V तिथे सगळ्यात मोठा. रंगाला टाक्याच्या टोकाशी बारीक चीर दिसते, मग फ्लँज वेबवरून सरकू लागते आणि गाटर अखंड न राहता सुट्या पट्ट्यांसारखं वाकतं. मधोमध, जिथे V कमी, तिथले टाके तेवढे शाबूत दिसतात. म्हणून तपासताना मधला भाग पाहून 'ठीक आहे' म्हणू नका. भिंतीवर टेकलेलं टोक पाहा.