वायरिंग बदलल्यावर कॉन्ट्रॅक्टरकडून काय लिहून घ्यावं?

प्रश्न: घराचं सगळं वायरिंग नव्यानं करून घेतलं. कुठल्या एमसीबीवर काय आहे आणि कुठली वायर घातली, हे कॉन्ट्रॅक्टरकडून लेखी हवंय. पत्रात नेमकं काय लिहू?

उत्तर: मी वायरिंगचीच कामं करतो. बहुतेक जण पत्रात ‘सर्किटचा नकाशा द्यावा’ एवढंच लिहितात. मग ‘किचन’, ‘हॉल’, ‘बेडरूम’ अशी चार नावं लिहिलेला कागद हातात येतो आणि त्यातून कामाचं काहीच कळत नाही. म्हणून पत्रात हे लिहा:

‘सप्रेम नमस्कार. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी डीबीतल्या प्रत्येक एमसीबीची माहिती सहीनिशी लिहून द्यावी, ही विनंती. तो किती अँपिअरचा आहे. त्यावर कोणकोणते पॉइंट आहेत. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगची वायर किती चौरस मिलिमीटरची आहे. त्या लाइनीत सर्वांत बारीक वायर किती आणि ती कुठे आहे. आणि जोड असलेले बॉक्स कोणत्या भिंतीत किंवा छतात आहेत.’

यातलं ‘सर्वांत बारीक वायर’ हे कलम काही झालं तरी गाळू नका. एमसीबी असतो तो मुळात वायर वाचवायला, त्यामुळे तो लाइनीतल्या सर्वांत बारीक तुकड्याला झेपेल असाच हवा. समजा, किचनच्या लाइनीला डीबीपासून चारची वायर आणि 25 अँपिअरचा एमसीबी आहे, पण वाटेतल्या बॉक्सपासून पुढे ओट्यापर्यंत दीडची वायर ओढली आहे. पाइपातून जाणारी दीडची तांब्याची वायर साधारण 15 ते 17 अँपिअर सोसते. ओट्यावर 2000 वॅटची इंडक्शन शेगडी, 1500 वॅटची किटली आणि 1200 वॅटचा मायक्रोवेव्ह एकदम चालू झाले, की 230 व्होल्टला 20 अँपिअरच्या थोडं वर जातं. 25 चा एमसीबी त्यावर पडणारच नाही. वायर मात्र भिंतीत तापत राहील, इन्सुलेशन कडक होऊन तडकेल आणि बाहेर कुणाला पत्ताही लागणार नाही. डीबी उघडून पाहिली तरी तिथे चारचीच वायर दिसते, म्हणून फक्त डीबीतलं टोक बघून कागद भरलेला चालणार नाही.

कागद आला की कॉन्ट्रॅक्टरसोबत एकेक एमसीबी पाडून कुठले पॉइंट बंद होतात ते ताडून बघा. मग मेन स्विच बंद करून, टेस्टरनं खात्री करून, जड वापराच्या लाइनींचे शेवटचे सॉकेट त्यांना उघडायला सांगा. वायरच्या आवरणावर आकार छापलेला असतो, तो कागदाशी जुळला पाहिजे.

कधीकधी ‘आता कुठं आठवतंय’ असं उत्तर मिळतं. मग पत्रात एक ओळ वाढवा: ज्या लाइनीची माहिती देता येत नाही, तिचे बॉक्स उघडून मोजून द्यावी, तोवर तेवढ्या लाइनीची रक्कम राखून ठेवली जाईल. कागदाची एक प्रत डीबीच्या झाकणाच्या आतून चिकटवा, दुसरी घराच्या कागदपत्रांत ठेवा.