लग्नाच्या आमंत्रणाचा व्हिडिओ: टेम्प्लेट कसा निवडावा, लांबी किती ठेवावी?

प्रश्न: नागपूरला मे महिन्यात माझ्या ताईचं लग्न आहे. फोटो आणि गाणं टाकून आमंत्रणाचा ॲनिमेटेड व्हिडिओ करायचा आहे. टेम्प्लेट कोणता घेऊ आणि किती लांबीचा ठेवू, म्हणजे व्हॉट्सॲपवर सगळ्यांना नीट जाईल?

उत्तर: चाळीस ते पंचेचाळीस सेकंद, उभा व्हिडिओ आणि अक्षरांमागे काहीही न हलणारा टेम्प्लेट. मानेवाड्यात माझं एडिटिंगचं काम आहे आणि लग्नसराईत दिवसभर हेच चालतं, म्हणून हे इतक्या ठामपणे सांगतोय. कारण कळावं म्हणून एक प्रसंग सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात हुडकेश्वरचं एक कुटुंब आलं होतं. त्यांनी मोबाइलवर स्वतःच व्हिडिओ केला होता. एक मिनिट पन्नास सेकंद, चौदा फोटो, वरून सतत गुलाबाच्या पाकळ्या पडताहेत, सोनेरी चमचम उडतेय. त्यांच्या फोनवर तो खरंच सुरेख दिसत होता. पण उमरेड आणि कुहीकडच्या नातेवाइकांचे फोन येत होते, "लॉनचं नाव काय लिहिलंय? वाचताच येत नाही." मी त्यांच्या मामांच्या फोनवर पोचलेला व्हिडिओ मागवून पाहिला. तारखेच्या पानावर अक्षरांच्या कडेला चौकोनी ठिपके आले होते आणि लॉनचं नाव पुसल्यासारखं झालं होतं.

दोष फोनचा नव्हता. व्हॉट्सॲप साध्या पद्धतीने व्हिडिओ पाठवताना तो दाबून लहान करतं. चित्राची रुंदी बरेचदा निम्म्याहून कमी होते आणि प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला थोडकाच डेटा येतो. चित्र स्थिर असेल तर तो पुरतो, कारण मागच्या क्षणाचंच चित्र पुढे वापरता येतं. पण शंभर पाकळ्या शंभर दिशांना पडत असतील तर दर क्षणी सगळं नव्याने साठवावं लागतं. मग डेटा पाकळ्यांवर खर्च होतो आणि अक्षरं उपाशी राहतात. म्हणून टेम्प्लेट निवडताना फक्त तारीख-मुहूर्ताचं पान थांबवून बघा. त्या पानामागे काही हलत असेल तर तो टेम्प्लेट सोडून द्या. सुरुवातीला गणपतीभोवती पाकळ्या पडल्या तर हरकत नाही, तिथे वाचायचं काही नसतं.

त्यांचा व्हिडिओ मी नव्याने केला तो बेचाळीस सेकंदांचा. पहिले चार सेकंद गणपती आणि "शुभविवाह". पुढचे आठ सेकंद वधू-वरांची नावं, आईवडिलांच्या नावांसह. मग चार फोटो, प्रत्येकी तीन सेकंद. त्यानंतर दहा सेकंद तारीख, गोरज मुहूर्त आणि स्थळ, आणि शेवटचे आठ सेकंद आमंत्रक आणि पत्ता. दहा सेकंद कशावरून ठरवले? ते पान मी मोठ्याने, सावकाश दोनदा वाचलं. तुम्हीही तसंच करा. दोनदा वाचून होण्याआधी पान सरकत असेल तर वेळ वाढवा किंवा मजकूर कमी करा. "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" वगैरे चिमुकल्यांची पाच नावं छापील पत्रिकेत राहू द्या.

लांबीचं दुसरं कारण स्टेटस. ताईचे सगळे भाऊबंद तो स्टेटसला लावणार. तिथे एका वेळी ठरावीक सेकंदच बसतात, ती मर्यादा व्हॉट्सॲपने वेळोवेळी बदलली आहे, आणि जास्त लांबीचा व्हिडिओ कापला जातो. स्थळ शेवटी असतं, त्यामुळे कात्री नेमकी त्याच्यावर पडते. पंचेचाळीस सेकंदांत तशी भीती उरत नाही.

फोटो घेताना उभेच घ्या. फुटाळ्यावरचे आडवे फोटो उभ्या चौकटीत बसवले की एकाचा खांदा कापला जातो नाहीतर दुसऱ्याचं कपाळ. आडवाच फोटो आवडला असेल तर तो पूर्ण ठेवून वरखाली साधा रंग येऊ द्या. टेम्प्लेटमध्ये चौदा जागा आहेत म्हणून चौदा फोटो शोधत बसू नका, चार चांगले पुरतात.

मराठी अक्षरांची परीक्षा मात्र पैसे देण्याआधी घ्या. बरेच टेम्प्लेट इंग्रजीसाठी बनलेले असतात आणि त्यांत देवनागरी फुटते. "आशीर्वाद", "मुहूर्त", "श्री" आणि "विवाह" हे चार शब्द टाकून बघा. रफार बाजूला पडला, "वि"ची वेलांटी अक्षरानंतर आली किंवा जोडाक्षरात पाय मोडलेला दिसला, तर आधी फॉन्ट बदला. मुक्ता, बलू किंवा तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट फुकट मिळतात, आणि तिरोच्या मराठी फॉन्टमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. फॉन्ट बदलूनही फुटत असेल तर ते ॲपच देवनागरी नीट जोडत नाही, तिथे वेळ घालवू नका.

संगीत सनई-चौघड्याचं, शब्द नसलेलं घ्या. सिनेमाचं गाणं व्हॉट्सॲपवर चालून जातं, पण तोच व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला की आवाज बंद होऊ शकतो. गाणंच हवं असेल तर सुरुवातीचा लांबलचक वाद्यमेळ सोडून मुखड्यापासून कापा आणि शेवटचे दोन सेकंद हळूहळू विरू द्या. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून एकही माहिती फक्त आवाजात नको.

व्हिडिओ काळ्या पडद्यातून उजळत सुरू होत असेल तर तेवढा भाग कापा. नाहीतर चॅटमध्ये नुसता काळा चौकोन दिसतो आणि लोक उघडतच नाहीत. सेव्ह करताना १०८० बाय १९२० आणि एमपी४ ठेवा, आणि पाठवताना एचडी निवडा. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर चित्र जसंच्या तसं जातं, पण आत्याबाई-काकाजी ती फाइल उघडत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

खाली संदेशात तारीख, लॉनचं नाव, जवळची खूण आणि नकाशाची लिंक लिहा, कारण व्हिडिओतल्या पत्त्यावर बोट ठेवून काही उघडत नाही. वर्धा रोडवर लॉनला लागून लॉन आहे, खूण नसली की पाहुणे भलत्याच मांडवात शिरतात.

नातेवाइकांना एक गोष्ट नक्की सांगा: व्हिडिओ पुढे पाठवायचा तर आलेला संदेशच फॉरवर्ड करा. गॅलरीतून पुन्हा पाठवला की तो पुन्हा दाबला जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या हाताला अक्षरं गेलेली असतात. ब्रॉडकास्टने पाठवणार असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. गावाकडच्या मंडळींना वेगळा पाठवा.

सगळ्यांना पाठवण्याआधी घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर एकदा पाठवा. तो फोन आजीच्या हातात द्या आणि लॉनचं नाव वाचायला सांगा. हुडकेश्वरच्या आजींनी दुसऱ्या व्हिडिओतलं नाव चष्मा न लावता वाचलं, तेव्हाच मी तो व्हिडिओ त्यांच्या हवाली केला.