साहेब ‘लिहून द्या’ म्हणतात आणि मग गप्प बसतात

“मॅडम, कल्पना चांगली आहे असं साहेब तोंडावर म्हणतात. ‘एका पानात लिहून द्या, बघू’ म्हणतात. लिहून दिलं की महिना जातो, उत्तरच येत नाही. त्या एका पानात नेमकं काय लिहायचं म्हणजे होकार मिळेल?”

विचारणाऱ्या बाई चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस शॉपचं नियोजन बघतात. प्रेसवरची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला फार वेळ जातो, त्यासाठी क्लॅम्प, टी-बोल्ट, पाने असं सगळं सामान आधीच लावून ठेवलेली ट्रॉली प्रेसशेजारी असावी, ही त्यांची कल्पना. प्रेस थांबल्यावर शोधाशोध करायची नाही, एवढंच.

त्यांनी दिलेलं पान मी वाचलं. सुरुवात शिगेओ शिंगोंपासून होती. डाय बदलण्याचा वेळ दहा मिनिटांच्या आत आणायची त्यांची पद्धत, जपानी कारखान्यांचा अनुभव, मग आपण मागे का राहायचं वगैरे. सगळं खरंच होतं. सहा प्रेससाठी सहा ट्रॉल्या, खर्च १,२०,००० रुपये, हे मात्र शेवटून दुसऱ्या ओळीत. मी विचारलं, “हे वाचून साहेबांनी काय करायचं?” त्या म्हणाल्या, “मंजुरी द्यायची.” कशाला, किती रुपयांची, कधीपासून, हे शोधायला साहेबांना पान खालपर्यंत वाचावं लागत होतं. वाचून झाल्यावरही त्यांना एकट्याला ‘हो’ म्हणता येत नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की त्या साहेबांची सही २५,००० रुपयांपर्यंतच चालते. पुढची रक्कम प्लांट हेडकडे जाते. म्हणजे बाईंनी नकळत साहेबांना वरच्यांपुढे जाऊन आपली बाजू मांडायला सांगितलं होतं, तीही जपानच्या आधारावर. एरवी होकार देणारा माणूसही अशा वेळी कागद ड्रॉवरमध्ये टाकतो.

म्हणून पहिला बदल रकमेत केला. सहा ट्रॉल्यांऐवजी एक, २०,००० रुपये, एकाच प्रेसवर चार आठवडे चाचणी.

दुसरा बदल आकड्यांत, आणि खरा वेळ त्यातच गेला. ‘डाय बदलायला साधारण सव्वा तास लागतो’ असं त्यांनी लिहिलं होतं. प्रेसच्या नोंदवहीत फक्त थांबल्याची आणि सुरू झाल्याची वेळ असते. मधला वेळ कशात गेला ते त्यात दिसत नाही. मी त्यांना आठवडाभर घड्याळ घेऊन प्रेसपाशी उभं राहायला सांगितलं. सरासरी ६८ मिनिटं निघाली. त्यातली १८ मिनिटं क्लॅम्प आणि बोल्ट शोधण्यात जात होती, आणखी ९ मिनिटं डाय आणणाऱ्या स्टॅकरची वाट बघण्यात. त्यांनी दोन्ही मिळून २७ मिनिटं वाचतील असं लिहायला घेतलं. पण ट्रॉली आली म्हणून स्टॅकर लवकर येणार नाही. शोधाशोधीचीही सगळी १८ मिनिटं वाचतील असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. आम्ही १५ लिहिली.

मग पैसे. पहिल्या पानात त्यांनी वाचलेली मिनिटं कामगारांच्या पगाराने गुणून ‘वार्षिक बचत’ काढली होती. असा आकडा हिशेब खातं पहिल्या मिनिटाला खोडतं, कारण ती माणसं पगारावर आहेतच. डाय लवकर बसली म्हणून कुणाचा पगार कमी होत नाही. तेव्हा खिशातून जाणारा पैसा कुठला थांबेल ते शोधायला हवं होतं. तो सापडला आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे इथे गुरुवारी. डिस्पॅच पुरं करायला हीच प्रेस महिन्यातून दोन गुरुवारी ओव्हरटाइमवर चालवावी लागत होती. ओव्हरटाइमची मजुरी दुप्पट, वर बस आणि कॅन्टीन. हिशेब खात्याने एका पाळीचे ७,५०० रुपये सांगितले. दिवसाला दोन बदल, महिन्याला २५ दिवस, दर वेळी १५ मिनिटं, म्हणजे महिन्याला साडेबारा तास. त्यात आठ तासांची एक पाळी आरामात बसते, दोन बसत नाहीत. म्हणून दावा एकाच पाळीचा. ही प्रेस रिकामी उभी राहणारी असती, तर वाचलेल्या मिनिटांचे पैसे झालेच नसते आणि मी हा मुद्दा पानावर येऊच दिला नसता.

लिहिण्याआधी त्यांना आणखी एक काम दिलं: डाय बसवणाऱ्या जुन्या काकांशी बोलून या. त्या थोड्या नाखूष होत्या, पण गेल्या. काका म्हणाले, “ताई, ट्रॉली चांगली आहे हो, पण दुसऱ्या पाळीत शेजारच्या प्रेसवाले बोल्ट उचलून नेतील. मग पहिले पाढे पंचावन्न.” कल्पना फसली असती तर याच जागी फसली असती. मीटिंगमध्ये हाच प्रश्न साहेबांनी विचारला असता आणि बाई निरुत्तर झाल्या असत्या. तो धोका उपायासकट पानावर आला.

मूळ पान इंग्रजीत गेलं. त्याचा मजकूर मराठीत असा:

*विनंती: १६० टनी प्रेसवर सेटअप ट्रॉलीची चार आठवडे चाचणी, खर्च २०,००० रुपये. पुढच्या सोमवारपासून सुरू करायला मंजुरी हवी.*

*सध्या: डाय बदलायला सरासरी ६८ मिनिटं (आठवडाभर मोजलेली). त्यातली १८ सामान शोधण्यात.*

*करायचं काय: सामानाचा पूर्ण संच ट्रॉलीवर, प्रेस थांबण्याआधी तयार. ट्रॉली टूल रूम बनवेल.*

*फायदा: दर बदलाला १५ मिनिटं. महिन्यात गुरुवारची एक पाळी कमी, म्हणजे ७,५०० रुपये (आकडा हिशेब खात्याचा). खर्च तीन महिन्यांत वसूल.*

*धोका: बोल्ट दुसरीकडे जाणं. उपाय: संचाला लाल रंग, ट्रॉलीला कुलूप, किल्ली पाळीच्या सुपरवायझरकडे.*

*कधी थांबवायचं: चार आठवड्यांनी सरासरी ५८ च्या खाली नसेल तर बंद. ट्रॉली टूल रूमला परत.*

शेवटच्या मुद्द्यावर बाई अडल्या. “आपणच आपल्या कल्पनेला मारायची तारीख द्यायची?” पण साहेबांना भीती असते ती न संपणाऱ्या प्रयोगाची. मागे घ्यायची सोय दिसली की सही करणं सोपं जातं.

पान ईमेलने पाठवून वाट बघत बसू नका, असंही सांगितलं. साहेब दुपारच्या राउंडवरून परतल्यावर छापलेला कागद हातात द्यायचा, आणि गप्प बसलेच तर ‘काय वाटतं?’ न विचारता ‘यातला कुठला आकडा पटत नाही?’ असं विचारायचं. साहेबांना ७,५०० पटला नाही. त्यांनी तिथूनच हिशेब खात्याला फोन लावला, खात्री केली आणि सही केली. फक्त प्रेस बदलली, कारण १६० टनी प्रेस दुरुस्तीला निघणार होती. शेजारची प्रेसही गुरुवारी चालायचीच, त्यामुळे हिशेब मोडला नाही. डाय बदलण्याचे आकडे मात्र तिथे पुन्हा मोजावे लागले. ते ६७ निघाले.

सगळ्याच कल्पना अशा एका पानात मावत नाहीत. नवीन मशीन घ्यायचं असेल किंवा माणसं वाढवायची असतील, तर तो पैसा वर्षाच्या बजेटमधून येतो आणि तुमच्या साहेबांच्या हातात बहुधा नसतो. तिथे पानावर मंजुरी मागू नका. माहिती गोळा करायला दोन आठवडे आणि एक माणूस मागा, म्हणजे तेवढं तरी साहेब स्वतःच्या सहीने देऊ शकतात.

चाकणच्या चाचणीत पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या पाळीत किल्ली सापडत नव्हती. किल्ली प्रेसच्या पॅनेललाच साखळीने अडकवल्यावर सरासरी उतरत गेली आणि चौथ्या आठवड्यात ५५ वर आली. दुसऱ्या ट्रॉलीसाठीच्या पानावर बाईंनी १५ च्या जागी १२ मिनिटं लिहिली.