पाडव्याच्या सकाळी आत्त्यांना, म्हणजे सासूबाईंना, आभाराचा मेसेज पाठवताय ना, मग हे वाचा

अगं, आधी ते फुलांचं रेडीमेड फॉरवर्ड डिलीट कर. आणि "मी आपली मनापासून आभारी आहे" असलं काही लिहू नको, घरातल्या माणसाला ते परकं वाटतं. मी पहिल्या वर्षी मोठ्ठा मेसेज लिहून फॅमिली ग्रुपवरच टाकला, मग सगळ्या नणंदा-जावांचे हात जोडलेले स्टिकर सुरू झाले आणि आत्त्या बिचाऱ्या दिवसभर अवघडल्यासारख्या, काही बोलल्याच नाहीत. तेव्हापासून फक्त त्यांच्या नंबरवर पाठवते.

लिहायचं ते एकच काम धर, जे त्या वर्षानुवर्षं करतात आणि कुणी बोलून दाखवत नाही. सगळं लिहायला गेलीस की यादी होते, मनाला लागत नाही. मी गेल्या पाडव्याला लिहिलेलं असं होतं,

"आत्त्या, माझी सकाळची शिफ्ट असली की तुम्ही न सांगता पोराचा डबा भरता, सात वर्षं झाली. म्हणून मी निवांत जाऊ शकले. आज कटाची आमटी मी करते, तुम्ही फक्त चव बघा."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं, पण लिहिलंस तर ते काम खरंच कर. वेळ पण बघ, पहाटे त्या गुढीच्या तयारीत असतात, फोन कुठं बघणार? गुढी उभारून कडुलिंब-गूळ खाऊन झालं की पाठव. चष्म्याशिवाय वाचता येत नसेल तर तेवढंच व्हॉइस मेसेजमध्ये बोल. उत्तर नाही आलं तरी विचारू नको, माझ्या आत्त्यांनी नुसती पहिली पोळी माझ्या ताटात वाढली.