गीझर बदलण्याआधी नळ्या बघ

पंचवीस लिटरचा गीझर असून दुसऱ्याच बादलीला पाणी कोमट येतं म्हणतोस, तर पन्नास लिटरचा घ्यायची घाई करू नकोस.

टाकी कायम भरलेलीच असते. गार पाणी तळाशी शिरतं आणि वरचं गरम पाणी ढकलून बाहेर काढतं. ६० अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा लिटरमागे साधारण १५ ग्रॅम हलकं असतं. फरक एवढासाच, पण तेवढ्यावर गरम थर गारावर दुधावरच्या सायीसारखा तरंगतो. म्हणून बाहेर जाणाऱ्या नळीचं तोंड टाकीत अगदी वर असतं.

थर शाबूत राहिला तर पंचवीसपैकी वीसेक लिटर कडक पाणी मिळतं. त्यात तेवढंच गार मिसळलं की ४० अंशांचं चाळीस लिटर, म्हणजे दोन बादल्या आरामात. थर ढवळला गेला की पाच-सहा लिटर काढल्यावरच धार निवू लागते. उष्णता टाकीतच असते, पण सगळी कोमट होऊन बसते.

ओळखायचं कसं? धार बराच वेळ कडक राहून मग झपकन गार झाली, तर टाकी ठीक आहे. सुरुवातीपासूनच उतरत गेली, तर थर मोडतोय. आधी नळ अर्धाच उघडून बघ, जोरात आत शिरणारं पाणी तळ ढवळतं. आडव्या गीझरमध्ये हे जास्तच, कारण तिथे थराला उंचीच नसते.

माझ्याकडे तर प्लंबरने दोन्ही नळ्याच उलट जोडल्या होत्या. महिनाभर मी थर्मोस्टॅटला शिव्या घालत होतो.